देवस्थानच्या देणग्यांचा गुंता: बाईंनी तो एका नोंदवहीत कसा आणला

देवस्थानच्या देणग्यांचा हिशेब बिघडतो, कारण एकच देणगी चार ठिकाणी अर्धीमुर्धी लिहिलेली असते. पावतीबुकात रक्कम असते, डायरीत नाव असतं, पासबुकात तारीख असते, आणि ती कशासाठी दिली हे गुरवांना तोंडपाठ असतं. चारही जागा आपापल्या परीने बरोबर असतात. ताळा मात्र कुठेच बसत नाही.

पुढची गोष्ट रचलेली आहे, पद्धत खरी आहे. एका गावच्या ग्रामदैवताचा नोंदणीकृत ट्रस्ट, चैत्री पौर्णिमेची जत्रा, सात विश्वस्त. खजिनदार तरुण, नव्या ऑडिटरने देणगी नोंदवही मागितली आणि हा अडकला. तो गेला आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे. बाई निवृत्त. हिशेबतपासणीस नव्हेत, पण शाळेचं जनरल रजिस्टर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं. ज्यांनी ते सांभाळलंय त्यांना ठाऊक असतं की एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्याला देत नाहीत, नाव खोडलं तरी ओळ राहते, आणि दुरुस्ती लाल शाईने सहीनिशी होते. देवस्थानची नोंदवही बाईंनी ह्याच तीन नियमांवर उभी केली.

आधी लिहायचं नाही, मोजायचं

खजिनदाराने आणलेल्या पत्र्याच्या पेटीत पावतीबुकं, तीन डायऱ्या, दोन बँकांची पासबुकं, जत्रेच्या वर्गणीची वही, दानपेटी उघडल्याचे पंचनामे आणि रबर लावलेले सुटे कागद होते. तो लॅपटॉप उघडून बसला आणि पहिल्या डायरीतलं पहिलं नाव टाइप करायला लागला.

"अरे थांब," बाई म्हणाल्या. "ही डायरी कुणाची?"

"आधीच्या सचिवांची असेल, बाई."

"असेल म्हणजे? जिचा मालक माहीत नाही तिच्यातून कॉपी करतोस?"

पहिला दिवस त्यांनी फक्त कागदांची यादी केली. प्रत्येक वस्तूवर पेन्सिलने खूण: पावतीबुकांना पा-१, पा-२, डायऱ्यांना डा-१, पासबुकांना बँ-१. सुटे कागद ज्या क्रमाने रबरात होते त्याच क्रमाने ठेवून त्यांचे फोटो काढले. हे वाचून कंटाळा येईल, पण सुट्या कागदांचा क्रम हाच बरेचदा पुरावा असतो. एकाच गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या एकाच दिवसाच्या असण्याची शक्यता जास्त, आणि तारखवार लावायच्या नादात तो धागा तुटला की परत जुळत नाही.

मग प्रश्न आला, सुरुवात कुठून करायची? खजिनदाराला वाटत होतं, ट्रस्ट स्थापन झाल्यापासून. बाईंनी मागचा ऑडिट झालेला ताळेबंद मागितला. त्यातली ३१ मार्चची रोख शिल्लक आणि बँक शिल्लक हा खुंटा धरला, आणि त्यापुढचं वर्ष आधी पूर्ण करायचं ठरवलं. जुन्या वर्षांत काही सापडलं तर ते वेगळ्या कागदावर टिपायचं आणि ऑडिटरला दाखवायचं. ऑडिट होऊन गेलेल्या वर्षाचे आकडे नोंदवहीत गुपचूप बदलले, तर धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेला हिशेब आणि आपली वही यांत नवीच तफावत तयार होते.

पावतीबुकांची वंशावळ

ह्या कामाचा कणा पावतीचा क्रमांक असतो. नावं दोन माणसांची सारखी असतात, तारखा चुकतात, पण छापील क्रमांक प्रेसमधून आलेला असतो. म्हणून देणग्या लिहायच्या आधी पावतीबुकांचीच यादी लागते: बुक कधी छापलं, कोणत्या क्रमांकापासून कुठपर्यंत, कुणाला दिलं, परत कधी आलं, किती पावत्या फाटल्या, किती रद्द, किती कोऱ्या.

छापली किती, हे ट्रस्टमधल्या कुणाला धड सांगता येईना. ते प्रेसच्या बिलावर होतं. पहिल्या बिलात शंभर पावत्यांची दहा बुकं, १ ते १०००. दुसऱ्या बिलात पुन्हा दहा, आणि प्रेसवाल्याने त्यांनाही १ ते १००० च क्रमांक घातलेले. म्हणजे पावती क्रमांक ४१७ दोन होत्या आणि दोन्ही खऱ्या! डायरीत नुसतं "पा. ४१७" लिहिलेलं असल्यामुळे आजवर तो एकच समजला जात होता. बाईंनी जुन्या छपाईला 'अ' मालिका आणि नव्या छपाईला 'ब' मालिका असं नाव दिलं. मालिका ओळखायची कशी? नव्या पावतीवर क्यूआर कोड छापलेला होता, जुन्यावर नव्हता. तुमच्याकडे असा फरक नसेल तर कागदाचा रंग, फोन नंबर, नोंदणी क्रमांकाची मांडणी, प्रेसचं नाव यांतलं काहीतरी वेगळं सापडतंच.

वीस बुकं छापलेली, पेटीत निघाली अठरा. एक गुरवांच्या खोलीत चालू होतं. विसावं कुठे आहे, ह्याचं उत्तर शोधणं बाईंनी पुढे ढकललं, पण यादीत त्याची ओळ तेवढी लगेच लिहिली: "ब ६०१ ते ७००, कुणाकडे आहे माहीत नाही."

वहीचे रकाने

नोंदवही एक्सेलमध्ये केली आणि दर महिन्याला छापून बांधायची ठरली. रकाने असे: A अनुक्रमांक, B मालिका, C पावती क्रमांक, D तारीख, E देणगीदाराचं नाव, F पत्ता व फोन, G कसे दिले (रोख, चेक, यूपीआय), H पावतीवरची रक्कम, I प्रत्यक्ष जमा रक्कम, J कोणत्या निधीसाठी, K बँकेचा किंवा कीर्दीचा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचा, संदर्भ, L शेरा.

H आणि I असे रकमेचे दोन रकाने का, असं खजिनदाराने विचारलं. पावती ११,००० ची फाटली आणि चेक वटला नाही, तर पावतीवर ११,००० च राहणार आणि जमा शून्य. एकच रकाना ठेवला तर पावती तरी खोटी पडते, नाहीतर बँक तरी.

J रकान्यात मनाला येईल ते लिहायचं नाही. चारच पर्याय ठरवले: सर्वसाधारण, अन्नदान, जीर्णोद्धार, कायम ठेव. त्यातला शेवटचा जपून वापरायचा. 'कायम पूजा' म्हणून देणगीदार रक्कम ठेवतो, ती मोडायची नसते, तिच्या व्याजातून त्याच्या तिथीला अभिषेक होतो. ही रक्कम मुद्दल म्हणून धरायला देणगीदाराची तशी लेखी सूचना हवी. गुरवांच्या आठवणीवर ती चालत नाही. जिथे पत्र किंवा पावतीवर स्पष्ट मजकूर नव्हता, तिथे बाईंनी 'सर्वसाधारण' लिहिलं आणि शेऱ्यात "कायम पूजेची असल्याचं तोंडी सांगितलं, पत्र मागायचं" अशी टीप ठेवली. तिथी, म्हणजे 'माघ शुद्ध पंचमी' वगैरे, शेऱ्यात. D रकान्यात फक्त इंग्रजी तारीख, नाहीतर क्रम लावताना सगळं कोलमडतं.

G आणि J ला ड्रॉपडाउन लावला, कारण कुणी 'रोख' लिहिलं आणि कुणी 'रोख' नंतर एक मोकळी जागा सोडली, तर डोळ्याला दोन्ही सारखं दिसतं, बेरजेला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात.

नोंदी भरणं

एक पावती, एक ओळ. रद्द पावतीलाही ओळ, रक्कम शून्य, शेऱ्यात 'रद्द', आणि तिच्या दोन्ही प्रती बुकात आहेत का ते पाहायचं. रद्द लिहिलेल्या पावतीची वरची प्रत बुकात नसेल तर ती कुणाच्या तरी घरी आहे. मग ती रद्द नाही, ती चौकशीची पावती.

रक्कम वाचताना अंकांत आणि अक्षरांत दोन्हीकडे पाहायची. कार्बनची प्रत पुसट असते, आणि त्यातून एक खास आपल्याकडचा घोळ होतो: मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. पावती लिहिणारा मराठीत १०० लिहितो, भरणारा ते इंग्रजी समजून नऊशे भरतो. अक्षरी रक्कम वाचली तर हे जागीच कळतं. जत्रेच्या गर्दीत अक्षरी रक्कम मोकळीच सोडलेली असते, ही खरी अडचण.

एक्सेलमध्ये भरताना आकडे इंग्रजीतच भरावेत. मराठी कळफलकावरून टाकलेला आकडा मजकूर म्हणून बसला, तर बेरीज त्याला मुकाट्याने वगळते, चूक दाखवतही नाही. ओळखायची खूण सोपी: आपण हात लावला नसेल तर खरा आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. शंका असेल तर शेजारी हे सूत्र. FALSE आलं की तो आकडा पुन्हा टाकायचा.

```
=ISNUMBER(H2)
```

एक बुक संपलं की दोन तपासण्या. पहिली, एकच पावती दोनदा भरली गेली का:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2)
```

उत्तर १ हवं. २ आलं तर दोन्ही ओळी मूळ बुकाशी पडताळायच्या. दुसरी तपासणी राहून गेलेल्या पावत्यांची. वेगळ्या पानावर A मध्ये मालिका आणि B मध्ये प्रेसच्या बिलाप्रमाणे सगळे क्रमांक ओळीने घालायचे, आणि C मध्ये:

```
=COUNTIFS('देणगी'!B:B,A2,'देणगी'!C:C,B2)
```

जिथे शून्य, ती पावती नोंदवहीत नाही. इथे कोऱ्या पावत्याही शून्य दाखवतील, म्हणून बुकांच्या यादीतून कोऱ्यांचा पल्ला आधी वजा करायचा. उरलेल्या शून्यांची यादी हे ऑडिटरला दाखवायचं पहिलं पान.

दानपेटी वेगळी

दानपेटीतल्या पैशाला नाव नसतं, त्यामुळे त्याला देणगीदारांच्या पावत्या फाडायच्या नाहीत. ह्या ट्रस्टमध्ये पूर्वी कुणीतरी पेटीतली रक्कम "भक्तगण" नावाने एकाच पावतीवर घेतली होती आणि शिवाय कीर्दीतही वेगळी जमा दाखवली होती. एकच रक्कम दोनदा.

बाईंनी पेटीला 'दा' अशी मालिका दिली. पेटी उघडली की एक ओळ, आणि तिचा आधार म्हणजे त्या दिवशीचा पंचनामा. पंचनाम्यात कुलूप आणि सील शाबूत होतं का, कोण हजर होतं, कोणत्या किमतीच्या किती नोटा, नाणी किती, फाटक्या नोटा किती, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. किमान दोन विश्वस्त आणि गावातले दोघे असावेत, असा बाईंचा आग्रह. मोजलेली रक्कम दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी जशीच्या तशी बँकेत, आणि भरणा स्लिप पंचनाम्याला टाचायची.

पेटीत कधी दागिना निघतो. त्याला पंचनाम्यात 'सोन्याची अंगठी' लिहू नये. 'पिवळ्या धातूची अंगठी, वजन इतकं' असं लिहावं आणि सराफाने तपासल्यावर पुढची नोंद करावी. साड्या, नारळ, धान्य, चांदीचे डोळे, समया ह्यांची नोंद वस्तूंच्या वहीत, रोख देणग्यांच्या बेरजेत नाही. साड्यांचा लिलाव झाला की लिलावाची रक्कम जमेला येते, त्याला पावती वेगळी.

ताळा: एप्रिल २०२५ चा महिना

२०२५ मध्ये चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती, म्हणून सगळ्यात गुंतलेला महिना हाच. बाईंनी मुद्दाम त्याच्यापासून सुरुवात केली. हा सुटला तर बाकीचे अकरा सोपे.

महिन्याची रोख बेरीज अशी काढली:

```
=SUMIFS(I:I,G:G,"रोख",B:B,"<>दा",
 D:D,">="&DATE(2025,4,1),D:D,"<="&DATE(2025,4,30))
```

पावत्यांवरची रोख १,४६,३०० रुपये आली. दानपेटीचे ८३,२१५. महिन्याच्या आरंभी हातात ४,३०० होते. तिन्ही मिळून २,३३,८१५. त्यातले बँकेत भरले १,९८,०००. म्हणजे हातात ३५,८१५ राहायला हवेत. कीर्दीत अखेरची शिल्लक होती ११,०१५.

"चोवीस हजार आठशे गेले कुठे?" बाईंनी विचारलं.

खजिनदार कासावीस झाला. मग व्हाउचरच्या फायलीत मंडपवाल्याची आणि वाजंत्र्यांची मिळून २४,००० ची बिलं निघाली. जत्रेच्या रात्री जमा झालेल्या रोखीतूनच ती भागवलेली, कीर्दीत ना जमा ना खर्च. हे सर्रास होतं आणि तिथेच गाडी घसरते. देणगी पूर्ण जमा दाखवायची, खर्च पूर्ण खर्चाला दाखवायचा. मधल्या मध्ये वजावट करायची नाही. दोन्ही नोंदी केल्यावर फरक उरला ८०० चा.

आता आठशेकडे कसं पाहायचं? फरकाला नऊने निःशेष भाग गेला तर दोन शेजारचे अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यावा, ५४ चे ४५ वगैरे. ८०० ला नऊने भाग जात नाही. फरकाचं निम्मं, म्हणजे ४०० ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली असेल का? तशी नोंद नव्हती. मग बाईंनी फरकच वाचला: शतकाच्या जागी आठ जास्त. नऊ वजा एक. खजिनदाराने H रकाना गाळून ९०० च्या ओळी काढल्या. मंदिरात १००, १०१, ५०१ खूप येतात, ९०० कोण देतो? एकच ओळ निघाली, ब-४१७. बुक उघडलं, मराठीत १००, अक्षरी जागा कोरी. देणगीदाराला फोन केला, त्याच्याकडच्या मूळ पावतीचा फोटो मागवला. शंभरच. रोख झाली १,४५,५०० आणि हातातली शिल्लक कीर्दीशी रुपया न रुपया जुळली.

यूपीआय उलटं निघालं. पावत्यांवर ५८,४५०, बँकेत आले ६१,९५१. ३,५०१ जास्त. बँकेच्या उताऱ्यात २,५००, ५०१ आणि ५०० असे तीन जमा होते ज्यांची पावतीच फाटलेली नव्हती. लोकांनी देवळाबाहेरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि निघून गेले. खजिनदार म्हणाला, "एप्रिलच्या तारखेच्या तीन पावत्या फाडून टाकू का?"

"मागच्या तारखेची पावती फाडणार? आणि क्रमांक कुठला घालणार, आत्ताच्या चालू बुकातला?"

त्या तीन रकमा 'वि', म्हणजे विनापावती, मालिकेत बँकेतल्या तारखेला लिहिल्या, K रकान्यात बँकेने व्यवहाराला दिलेला यूटीआर क्रमांक घातला. देणगीदार सापडला तर त्याला आजच्या तारखेची पावती द्यायची, तिच्यावर "दि. अमुक रोजी यूपीआयने जमा" असं लिहायचं, आणि तिची जमा रक्कम शून्य ठेवून दोन ओळींना एकमेकींचा संदर्भ द्यायचा. नाहीतर तीच देणगी दोनदा मोजली जाते.

इथे एक सापळा सांगून ठेवतो. यूपीआयने पैसे आले आणि स्वयंसेवकाने पावतीवर 'रोख' वर खूण केली, तर रोख जेवढी कमी पडते तेवढाच यूपीआय जास्त निघतो. दोन फरक सारखे दिसले की चोर शोधू नये, आधी ती पावती शोधावी.

चेक दोन होते, २५,००० आणि ११,०००. दुसरा परत आलेला. त्याच्या ओळीत H तसाच, I शून्य, शेऱ्यात परत आल्याची तारीख. सगळं धरून एप्रिलची जमा अशी ठरली: रोख १,४५,५००, यूपीआय ६१,९५१, चेक २५,०००, दानपेटी ८३,२१५, एकूण ३,१५,६६६.

विसावं बुक

ब ६०१ ते ७०० हे बुक आधीच्या वर्षीच्या जत्रेत वर्गणीसाठी शेजारच्या वाडीतल्या मंडळाला दिलं होतं, हे डायरीतल्या एका ओळीवरून कळलं. "वाडी मंडळ, १८,०००." मंडळातला मुलगा आता शहरात नोकरीला. त्याने घरी शोधायला सांगितलं, बुक कपाटावर निघालं. सदतीस पावत्या फाटलेल्या, बेरीज १८,६४०. त्रेसष्ट कोऱ्या, सगळ्या जागेवर.

६४० रुपयांचा फरक. मुलगा म्हणाला, जेवढे दिले होते तेवढे पोचते केले. दीडेक वर्षानंतर त्याला यापेक्षा जास्त आठवणं शक्यही नव्हतं. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाई, सहाशे चाळीसचं काय घेऊन बसलात, मी घालतो खिशातून. विषय संपवा."

"घाला की. चालू बुकातली पावती तुमच्या नावाने फाडू, देणगी म्हणून. पण फरक आहे तो फरक म्हणूनच लिहिलेला राहील."

अध्यक्षांना ते रुचलं नाही, पण बाईंचं बरोबर होतं. खिशातून भरून मिटवलेला फरक उद्या दुसऱ्या कागदावर पुन्हा उगवतो, आणि तेव्हा तो लपवल्यासारखा दिसतो. जत्रा आधीच्या, ऑडिट झालेल्या वर्षातली होती, त्यामुळे चालू नोंदवहीला हात न लावता वेगळ्या टिपणात लिहिलं: बुकाप्रमाणे १८,६४०, कीर्दीप्रमाणे १८,०००, फरक ६४०, चौकशी केली, उलगडा झाला नाही. विश्वस्तांच्या ठरावाने ते टिपण ऑडिटरकडे गेलं. उरलेल्या कोऱ्या पावत्यांवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि बुक पेटीत परत आलं.

तुमचं बुक सापडलंच नाही तर? ज्याला दिलं त्याच्याकडून लेखी जबाब घ्यावा, ठराव करावा, आणि ते क्रमांक रद्द झाल्याची सूचना देवळाच्या फलकावर लावावी. त्या बुकात किती जमा झाले असतील याचा अंदाज मात्र नोंदवहीत घालू नये.

कायद्याच्या अंगाने थोडंसं

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नियमित हिशेब ठेवणं आणि ते दर वर्षी तपासून घेणं ही विश्वस्तांची जबाबदारी आहे; बाईंनी कितीही नीट वही केली तरी सही विश्वस्तांचीच. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, हे आयकराचं बंधन काउंटरवर लिहून लावलेलं बरं. ट्रस्टला आयकरातली देणगी-वजावटीची मान्यता असेल, लोक जिला ८०जी म्हणतात, तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला ती वजावट मिळत नाही. पावती देतानाच सांगावं, मार्चअखेर भांडण होत नाही. अशा ट्रस्टने नोंदवहीत पॅनचा रकाना वाढवावा. आणि पॅन, फोन असलेली पानं देवळाच्या फलकावर चिकटवू नयेत. तिथे फार तर नाव आणि रक्कम, तेही देणगीदाराची हरकत नसेल तर.

महिना बंद करणं

ताळा बसलेला महिना छापला, पानांवर क्रमांक घातले, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि खजिनदारासह आणखी एका विश्वस्ताची सही घेतली. एक्सेलमधलं ते पान पासवर्डने बंद. त्यानंतर चूक सापडली तर छापील पानावर एक सरळ रेघ, वर लाल शाईने बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख; जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. एक्सेलमध्ये मूळ ओळ न बदलता चालू महिन्यात दुरुस्तीची ओळ.

पुढच्यासाठी बाईंनी तीनच गोष्टी बदलायला लावल्या. पुढची छपाई २००१ पासून, म्हणजे मालिकेची भानगड नको. एका काउंटरला एका वेळी एकच बुक, आणि ते देता-घेताना बुकांच्या यादीत सही. आणि जत्रेच्या खर्चासाठी बँकेतून वेगळी आगाऊ रक्कम काढायची, जमा रोखीला त्या रात्री कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्याला सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण मंडपवाला रात्री बारा वाजता पैसे मागतो. त्यावर आदल्या दिवशी तीस हजारांची उचल काढून सचिवांकडे द्यायची आणि जत्रेनंतर तीन दिवसांत बिलांसह उरलेली परत भरायची, असा ठराव झाला.

ऑडिटरकडे शेवटी गेलं ते असं: छापील नोंदवही, पावतीबुकांची यादी, नोंदवहीत न सापडलेल्या क्रमांकांचं पान, विनापावती रकमांचं पान, आणि सहाशे चाळीसचं टिपण. ऑडिटरने सगळ्यात आधी न सापडलेल्या क्रमांकांचं पान उघडलं. त्यावर चार क्रमांक होते. त्यातले दोन बुकातून पानच फाटून गेल्यामुळे, दोन भिजल्यामुळे. त्या चारही क्रमांकांची मूळ बुकं त्याने मागवली आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.